कातळावरचा बूट

कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळ वाघजाईचं मंदिर आहे. तिथून निघालेली डोंगराची धार पश्चिमेकडे जात जात सिंहगडाच्या घाटरस्त्याला मिळते. अंतर सुमारे १५ किलोमीटर, आणि वाटेत लहानमोठ्या डझनभर टेकड्या. एक उतरून होते न होते तोच दुसरी समोर उभी. पुण्याचे ट्रेकर या वाटेला ‘के टू एस’ म्हणतात. चांदण्या रात्रीच्या ट्रेकसाठी ती फार पूर्वीपासून ओळखीची आहे. आता पहाटे या धारेवर पळणारेही भेटतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पायात शहरातल्या मॅरेथॉनसाठी घेतलेले रोड शूज असतात. कुणाच्या पायात नवेकोरे ट्रेल शूज असतात, तळाला भलेमोठे दाते असलेले. घसरतात दोघंही, पण वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या कारणांनी.

रस्त्यावरच्या आणि डोंगरातल्या बुटांमधला फरक समजून घ्यायला ही वाट फार चांगली आहे, कारण तिच्यावर सगळ्या प्रकारची जमीन थोडीथोडी भेटते. टेकडीच्या माथ्यावर घट्ट पायवाट, उतारावर मुरमाचा घसारा, मधेच उघडा कातळ, दोन टेकड्यांमधल्या खिंडीत माती आणि गवत, आणि शेवटी घाटरस्त्याचं डांबर. बुटाच्या तळाकडे प्रत्येक जमीन वेगळं काहीतरी मागते.

आधी रोड शूज घेऊ. डांबरावर पळताना एक पाऊल दुसऱ्यासारखंच पडतं. जमीन सपाट, कडक आणि ओळखीची असते, त्यामुळे बुटाला मुख्यतः दोनच कामं उरतात: धक्का सोसणं आणि वजनाला हलकं असणं. म्हणून रोड शूजमध्ये जाड, मऊ फोम असतो आणि त्याखाली रबराचा पातळ थर. वजन वाचवण्यासाठी हे रबरही सगळीकडे लावत नाहीत. टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि चवड्याखाली, जिथे झीज जास्त तिथे तुकडे चिकटवतात, आणि मधला फोम उघडाच राहतो. रबरावरची नक्षी एक-दोन मिलिमीटर खोल असते. कोरड्या डांबराला याहून जास्त काही लागत नाही.

हाच बूट कोरड्या, स्वच्छ कातळावर आणला तर तो चांगला धरतो. बऱ्याच जणांना हे खरं वाटत नाही. सह्याद्रीचा दगड बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा. उघड्यावर पडलेल्या या कातळाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, जागोजाग वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेली बारीक भोकं असतात. अशा दगडावर सपाट रबर पसरून बसतं आणि घट्ट धरतं. कातळारोहण करणाऱ्यांचे बूट आठवून पाहा. कड्यावर नखभर कपारीत उभं राहणाऱ्या माणसाच्या बुटाचा तळ अगदी गुळगुळीत असतो, एकही दाता नाही. कडक दगडावर पकड रबर आणि दगड यांच्यातल्या स्पर्शातून येते, आणि दाते काढले की तो स्पर्श वाढतो.

मग रोड शूज फसतात कुठे? पहिली जागा म्हणजे टेकडीचा उतार. बेसाल्ट झिजून, कुजून त्याचा मुरूम होतो. जानेवारीनंतर पायवाटांवर हा मुरूम सुटा होतो, वाटाण्याएवढ्या खड्यांचा थर कडक जमिनीवर पसरलेला असतो. सपाट तळाचा बूट या थरावर टेकला की खडे त्याच्याखाली गडगडू लागतात. वरून भार पडतो, पण तो खालच्या पक्क्या जमिनीपर्यंत पोचतच नाही. रबर कितीही चांगलं असलं तरी ते धरणार कशाला? ज्या खड्यांना धरलंय तेच निघालेत. उतरताना मागे वळून आपल्या पावलांच्या खुणा पाहिल्या तर नेमकं काय झालं ते कळतं. टाचेपासून चवड्यापर्यंत हातभर लांब ओरखडा दिसला तर तळाने जमीन पकडलीच नाही. बोटभर लांबीचे आखूड, खोल खड्डे दिसले तर पकडली.

ते आखूड खड्डे पाडण्याचं काम दात्यांचं. ट्रेल शूजच्या तळाला रबराचे जे उंचवटे असतात, दुकानात ज्यांना लग म्हणतात, ते सुट्या थरातून आत घुसतात आणि खालच्या घट्ट जमिनीला टेकतात. पाऊल मागे सरकायला लागलं की दात्याच्या भिंतीपुढे मातीचा एक छोटा ढीग दाबला जातो आणि तोच पावलाला अडवतो. म्हणजे दात्याची पकड घर्षणापेक्षा या अडवण्यातून येते. यातून एक गोष्ट आपोआप निघते: दाता तिथेच चालतो जिथे जमीन त्याला आत घेते. जमीन दात्यापेक्षा मऊ हवी. कातळ ती कधीच नसतो.

दात्यांची खोली साधारण तीन पट्ट्यांत मोडते. अडीच ते साडेतीन मिलिमीटरचे दाते घट्ट पायवाट, कच्चा रस्ता आणि थोडंफार डांबर यांसाठी असतात. साडेतीन ते पाच मिलिमीटर ही मधली पट्टी, आणि बाजारातले बहुतेक ट्रेल शूज इथेच बसतात. सहा ते आठ मिलिमीटरचे दाते चिखलासाठी बनवलेले असतात. इंग्लंडमध्ये ओल्या, दलदलीच्या डोंगरांवर पळण्याची जुनी परंपरा आहे, तिथल्या इनोव्ह-एट कंपनीच्या मडक्लॉ या बुटाला आठ मिलिमीटरचे दाते असतात. त्या जमिनीत पाय घोट्यापर्यंत रुततो, त्यामुळे तिथे तेच बरोबर आहेत.

आपल्याकडे मात्र दुकानात दाते पाहूनच बूट विकला जातो. एका दुकानात मी हे जवळून पाहिलं. गिऱ्हाईक कॉलेजातला मुलगा होता, पहिल्यांदाच राजगडला पळायला जाणार होता. विक्रेत्याने बूट उलटा केला, दात्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ग्रिप बघा सर, कुठेच हलणार नाही.” मुलाने विचारलं, “दगडावर पण?” “दगडावर तर एकदम पक्का.” दाते सहा मिलिमीटरचे, एकमेकांपासून लांब लांब, टोकाशी निमुळते होते. चिखलासाठी सुरेख बूट होता तो. विक्रेता खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं, आणि तसं वाटणं साहजिकही आहे. जास्त खोल म्हणजे जास्त पकड, हे डोळ्यांना पटतं.

कातळावर त्या बुटाचं काय होतं ते पाहू. सपाट दगडावर असा बूट टेकला की स्पर्श फक्त दात्यांच्या माथ्यांचा होतो. तळाचं एकूण क्षेत्र मोठं असलं तरी दगडाला लागलेलं रबर त्याच्या एखाद्या हिश्शाएवढंच असतं. शिवाय उंच, निमुळता दाता भाराखाली वाकतो. आपण उतारावर आडवं पाऊल टाकलं की सगळे दाते एका बाजूला कलतात, आणि बूट दगडावर तरंगल्यासारखा एक-दोन मिलिमीटर हलतो. एवढीशी हालचाल पायाला लगेच जाणवते. पळणारा बिचकतो, मागे झुकतो, टाच आधी टेकवतो, आणि मग खरंच घसरतो. एखाद्या अरुंद पायरीच्या कडेवर किंवा कपारीत दोनच दाते टेकले असतील तर गोष्ट आणखी बिघडते, कारण सगळा भार त्या दोन वाकणाऱ्या दात्यांवर येतो.

म्हणून मिश्र जमिनीसाठी खोलीइतकंच दात्यांच्या आकाराकडे आणि मांडणीकडे पाहावं. माथा रुंद आणि सपाट असलेला, बुडाशी आणखी रुंद होत गेलेला दाता दगडावर कमी वाकतो. दाते दाट असतील तर कातळावर जास्त रबर टेकतं, पण त्यांच्यामध्ये चिखल अडकून बसतो. विरळ असतील तर चिखल झडतो, पण दगडावरचा स्पर्श कमी होतो. दोन्ही एकदम मिळत नाही. दिशाही पाहण्यासारखी असते. चांगल्या बुटात चवड्याखालच्या दात्यांची सरळ भिंत मागच्या बाजूला असते, म्हणजे चढताना मागे रेटलं की ती मातीला भिडते. टाचेखालच्या दात्यांची भिंत उलट, पुढच्या बाजूला असते, म्हणजे उतरताना ती ब्रेक लावते.

एवढं दात्यांचं. माझ्या मते सह्याद्रीत त्यांच्याहून मोठा प्रश्न रबराचा आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून विचारलाच जात नाही.

डोंगरातल्या रबरी तळाचा इतिहास एका अपघातापासून सुरू होतो. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये पुंता राझिका या शिखरावर गेलेल्या तुकडीतले सहा जण वादळात सापडून दगावले. त्या काळी गिर्यारोहक खालच्या वाटेवर खिळे ठोकलेले जड बूट वापरत आणि कातळाशी आले की पातळ, मऊ तळाचे बूट चढवत. ते हलके बूट दगडावर छान चालत, पण थंडी आणि बर्फापुढे त्यांचा टिकाव लागत नसे. त्या तुकडीबरोबर असलेल्या विताले ब्रामानी यांनी या दोन्ही बुटांची कामं एकटा करू शकेल असा तळ शोधायला घेतला. १९३७ मध्ये त्यांनी रबराच्या खोल नक्षीच्या तळाचं पेटंट घेतलं. त्याला नाव दिलं ‘कार्रारमातो’, म्हणजे रणगाडा. व्हिब्राम ही कंपनी त्यांच्याच नावावरून आली. १९५४ साली के टू शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियन गिर्यारोहकांच्या बुटांना व्हिब्रामचेच तळ होते.

रबर दगडाला दोन प्रकारे धरतं. एक म्हणजे चिकटून: रबराचा आणि दगडाचा पृष्ठभाग अगदी जवळ आले की त्यांच्यात सूक्ष्म आकर्षण तयार होतं. दुसरं म्हणजे खरखरीत दगडाचे बारीक उंचवटे रबरात रुततात. बूट सरकू लागला की रबराला त्या उंचवट्यांवरून चढून-उतरून जावं लागतं, आणि ते लगेच पूर्ववत होत नसल्याने त्यात ताकद खर्च होते. ती खर्च झालेली ताकद म्हणजेच पकड. मऊ रबर दोन्ही बाबतींत उजवं ठरतं, कारण ते दगडाच्या बारीकसारीक खळग्यांत शिरतं.

आता यावर पाणी पडू द्या. पाण्याचा पातळ पापुद्रा मधे आला की चिकटून मिळणारी पकड बरीचशी जाते. उरते ती रुतण्याची. म्हणून ओल्या पण खरखरीत कातळावर मऊ रबराचा बूट बऱ्यापैकी उभा राहतो, आणि कडक रबराचा त्याच जागी सटकतो. दगडच गुळगुळीत असेल तर रुतायलाही काही उरत नाही. सिंहगडाच्या पुणे दरवाज्याकडे जाणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी झिजून गोट्यासारख्या झाल्या आहेत. पावसात त्यांच्यावर धारेवरच्या कातळापेक्षा जास्त माणसं पडतात ती यामुळेच. आणि शेवाळ आलं की विषयच संपतो. शेवाळाला रबर धरतंही, पण शेवाळच दगडापासून सुटतं. त्यावर चालणारा बूट कुठलीच कंपनी बनवत नाही. जुलैत हिरवट-काळा, चमकणारा कातळ दिसला की पळणं थांबवून, हात टेकवून, बाजूच्या गवतातून किंवा मातीतून जावं.

मऊ रबराची किंमत झिजेत मोजावी लागते. तेच रबर डांबरावर रोज वापरलं तर दात्यांच्या कडा लवकर गोल होतात. म्हणून स्वस्त ट्रेल शूजमध्ये कंपन्या बऱ्याचदा कडक, टिकाऊ रबर घालतात. वरून दाते खोल, दिसायला दणकट, आणि ओल्या दगडावर साबण. व्हिब्रामचं मेगाग्रिप किंवा सॉलोमनचं कॉन्टाग्रिप अशी नावं तळावर कोरलेली असतात तेव्हा निदान रबराकडे लक्ष दिलंय एवढं कळतं, जरी एकाच नावाखाली मऊ-कडक असे वेगवेगळे प्रकार असू शकतात. दुकानात साधी परीक्षा करता येते. दोन बूट शेजारी ठेवून दोघांच्या दात्यावर अंगठ्याचं नख दाबावं. मऊ रबरात नख सहज शिरतं आणि खूण क्षणभर राहते. कडक रबरावर नख सरकतं. नामांकित बुटांच्या खूप आधीपासून सह्याद्रीत भटकणाऱ्यांमध्ये ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज लोकप्रिय होते. दिसायला साधे, किमतीला परवडणारे. त्यांची पकड कातळावर चांगली म्हणून पिढीने पिढीला त्यांचं नाव सांगितलं.

रोड शूज फसण्याची दुसरी जागा पायाखाली असते आणि ती घसरण्याशी संबंधित नाही. धारेवरून उतरताना जमिनीत अर्धे गाडलेले टोकदार धोंडे असतात. रोड शूजचा मऊ फोम अशा टोकावर पडला की दबून जातो आणि टोक थेट चवड्याला लागतं. एकदा लागलं तर नुसती कळ येते. १५ किलोमीटरमध्ये ते शेकडो वेळा लागतं, आणि दुसऱ्या दिवशी चवड्याच्या मध्यभागी, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी, अंगठ्याने दाबल्यावर ठणका लागतो. तो तिथेच असेल, टाचेत किंवा कमानीत नसेल, तर दोष बहुतेक वेळा बुटाच्या तळाचा असतो.

यावरचा उपाय म्हणजे रॉक प्लेट. फोम आणि रबर यांच्या मध्ये, कधी फोमच्याच दोन थरांत, एक-दोन मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची लवचिक पट्टी घालतात. काही बुटांत ती कार्बन तंतूंची असते. बहुतेक वेळा ती फक्त चवड्याखाली असते, कारण टाचेखाली फोम जाड असतो आणि चवड्याखाली पातळ. पट्टीचं काम आहे टोकाचा भार पसरवणं. साध्या हिशेबाने पाहू. ६५ किलो वजनाचा माणूस पळताना पाऊल टेकवतो तेव्हा पायावर वजनाच्या साधारण अडीचपट, म्हणजे सुमारे १६० किलोचा भार येतो. त्यातला निम्मा भार आजूबाजूच्या जमिनीने घेतला आणि उरलेले ८० किलो एक चौरस सेंटिमीटरच्या दगडी टोकावर आले असं धरा. पट्टी नसेल आणि फोम पुरता दबला असेल तर तेवढ्याशा जागेवर ८० किलो. पट्टीने तोच भार १५ चौरस सेंटिमीटरवर पसरवला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पाच-साडेपाच किलो. पायाला धोंडा खाली आहे हे कळतं, पण तो टोचत नाही.

हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात फोम बराच भार आधीच पसरवतो. म्हणूनच रॉक प्लेटला एक पर्याय आहे: फोमच जाड करणं. होकाच्या स्पीडगोटसारख्या बुटात पायाखाली तीन सेंटिमीटरहून जास्त फोम असतो आणि बहुतेक आवृत्त्यांत वेगळी पट्टी नसते. उलट आल्ट्राच्या लोन पीकच्या अनेक आवृत्त्यांत फोम त्यापेक्षा कमी, पण पट्टी असते. दोन्ही रस्ते चालतात, फक्त प्रत्येकाची तक्रार वेगळी. पट्टी असलेला बूट चवड्यात कमी वाकतो, त्यामुळे खडबडीत कातळावर तळ दगडाच्या आकाराप्रमाणे वळून बसत नाही आणि थोडी पकड जाते. जाड फोमचा बूट दगडाभोवती छान बसतो, पण पाय जमिनीपासून उंच जातो. एका बाजूला कललेल्या धोंड्यावर पाऊल पडलं की ती उंचीच घोटा मुरगळायला मदत करते, आणि फोम जितका मऊ तितका पाय जास्त कलतो. के टू एसच्या उतारांवर असे कललेले धोंडे भरपूर आहेत. घोटे आधीच कमजोर असतील तर मी कमी उंचीचा, पट्टीचा बूट सुचवेन. रात्रीच्या लांब पल्ल्यात पाय दुखणं हीच मोठी अडचण असेल तर जाड फोमचा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हल्ली मॅरेथॉनच्या महागड्या रोड शूजमध्येही कार्बनची पट्टी असते, आणि ती म्हणजे रॉक प्लेटच असं अनेक जण धरतात. ती पट्टी वेगळ्या कामाची. ती ताठ आणि वक्र असते, अतिशय मऊ फोमच्या मधोमध बसवलेली असते, आणि सपाट रस्त्यावर पाऊल पुढे लोटायला मदत करते. तिच्याखाली मऊ फोमचा जाड थर आणि त्याखाली रबराचा नाममात्र पापुद्रा असतो. धोंडे तो फोम फाडतात. हा बूट उंच, अरुंद आणि बाजूला डुलणारा असल्याने मुरमाच्या उतारावर तो रोड शूजमध्येही सर्वांत वाईट ठरतो. डोंगरासाठीच बनवलेले, कार्बन पट्टीचे काही शर्यतीचे बूटही निघाले आहेत. त्यांच्या पट्टीचा आणि तळाचा आकार मुळातच वेगळा असतो.

बुटात पट्टी आहे की नाही हे हाताने कळतं. बूट उलटा धरून चवड्याच्या मधोमध, दात्यांच्या फटीत, दोन्ही अंगठे जोरात दाबावेत आणि आतून बोटांनी चाचपावं. पट्टी असेल तर दाब आत बिंदूसारखा न जाणवता पसरट जाणवतो. मग टाच आणि टोक धरून बूट पिळून पाहावा. पिळताना थोडा विरोध हवा. रुमालासारखा पिळला गेला तर धोंड्यांवर तो पायालाही तसाच पिळू देईल.

आता ही वाट धरून एक निवड पूर्ण करू. समजा डिसेंबरात, पाऊस संपून दोन महिने झाल्यावर, कुणी के टू एस पळत करणार आहे. वाट कोरडी आहे, चिखल नाही. उतारांवर मुरूम सुटायला लागला आहे, कातळ खरखरीत आणि कोरडा आहे, गवत पिवळं पडलं आहे. वाळलेलं गवत पायवाटेवर आडवं पडलं की काड्यांवरून पाऊल घसरतं, आणि तिथे सपाट तळ फारच वाईट. म्हणजे दाते हवेत, पण खूप खोल नकोत. चार मिलिमीटरच्या आसपास, माथा रुंद, मध्यम दाट. रबर मऊ. चवड्याखाली पट्टी किंवा पुरेसा फोम. पुढच्या टोकाला जाड रबरी आवरण हवं, कारण दमल्यावर पाय कमी उचलला जातो आणि बोटं धोंड्यांना आपटतात. उतरताना पाय पुढे सरकतो, म्हणून बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, आणि टाच मात्र आत घट्ट बसलेली हवी. ही तपासणी संध्याकाळी करावी, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा.

तीच व्यक्ती जुलैत निघाली तर खिंडींमधली माती चिखल झालेली असते, आणि ती दात्यांच्या फटींत भरून तळ सपाट करून टाकते. तिथे पाच मिलिमीटरचे, जरा विरळ दाते कामाला येतात. पण त्याच धारेवर ओला कातळही आहे. म्हणून साताठ मिलिमीटरकडे जाऊ नये. पावसाळ्यातही आपल्या डोंगरात दगड चिखलाहून जास्त आहे, आणि पडल्यावर लागतं ते दगडावर. कातळ सुरू होण्याआधी गवतात पाय घासून दाते मोकळे करायची सवय लावून घ्यावी. चिखलाने माखलेला तळ दगडावर टेकला की रबर दगडाला लागतच नाही, मधे मातीचं वंगण असतं. मग वर सांगितलेल्या मऊ रबराचा काहीच उपयोग होत नाही. पहिल्या ओल्या कातळावर धावत जाण्याआधी थांबून एक पाय ठेवावा आणि त्यावर हळूहळू भार टाकत तो पुढे ढकलून पाहावा. त्या दिवशी, त्या दगडावर, त्या बुटाची हद्द किती ते तिथल्या तिथे समजतं.

ज्यांना घरापासून डांबरावरून पळतच डोंगर गाठायचा असतो त्यांचा प्रश्न वेगळा. चार-पाच मिलिमीटरचे मऊ दाते डांबरावर टोचल्यासारखे वाटतात, कारण भार सगळ्या तळावर न पसरता दात्यांवर एकवटतो, आणि ते झपाट्याने झिजतात. अशांसाठी तीन मिलिमीटरच्या आसपासचे दाट दाते असलेले बूट असतात. डांबरावर ते सुखाने चालतात, घट्ट पायवाटेवर पुरतात, पण मुरमाच्या उभ्या उतारावर त्यांच्याकडून जास्त अपेक्षा करू नये. तिथे पावलं आखूड टाकावीत, शरीर पायांच्या वर ठेवावं आणि टाचेने ब्रेक लावू नये. मागे झुकून टाच पुढे टाकली की भार जमिनीत सरळ उतरण्याऐवजी तिला पुढे ढकलतो, आणि मुरूम तेवढ्याचीच वाट पाहत असतो.

बूट कधी बदलायचा, हे वरच्या जाळीवरून ठरवू नये. जाळी फाटली तरी शिवता येते. चवड्याच्या मधोमध, जिथे आपण चढताना रेटतो, तिथल्या दात्यांची खोली पट्टीने मोजावी आणि कमानीजवळच्या, कमी झिजलेल्या दात्यांशी ताडून पाहावी. निम्म्याहून कमी राहिली असेल तर मुरमावर बूट सपाट तळासारखाच वागतो. खोली ठीक असली तरी दात्यांच्या कडा गोल झाल्या असतील, तर मातीला अडवणारी भिंतच गेलेली असते. अशा वेळी तो बूट घट्ट पायवाटेसाठी ठेवावा आणि डोंगरउतारासाठी दुसरा घ्यावा. वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेला, न वापरलेला बूटही तपासून घ्यावा. रबर वयाने कडक होतं, फोम आणि रबर यांच्यातला गोंद सुटतो, आणि नवा दिसणारा तळ पहिल्या टेकडीवरच पुढून उघडतो. निघण्याच्या आदल्या दिवशी टोकाशी रबर हाताने ओढून पाहिलं तर हे घरीच लक्षात येतं.